दुसरी ऑफर स्वीकारल्यावर मुलाखतीला नकार कसा कळवावा

पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीत मी काही वर्षे उमेदवारांच्या मुलाखती ठरवण्याचे काम करत होते. एकदा मंगळवारी एका उमेदवाराचा मेल आला, "मॅडम, गुरुवारी मुलाखतीला येणे शक्य होणार नाही, क्षमस्व." त्याला गुरुवार सोयीचा नाही असा मी अर्थ घेतला, पॅनेलमधल्या दोघांची विनवणी करून शनिवारची वेळ मिळवली आणि त्याला तसे कळवले. शनिवारी ते दोघे सुट्टीच्या दिवशी कारखान्यात येऊन बसले आणि उमेदवार आलाच नाही. फोन केल्यावर समजले की त्याने आठवड्यापूर्वीच दुसरीकडची नोकरी स्वीकारली होती. त्याच्या मते त्याने नकार कळवला होता, आणि माझा शनिवारचा मेल आपोआप गेलेला असावा असे समजून त्याने तो बाजूला ठेवला होता. मेल सभ्य होता, क्षमाही मागितलेली होती, फक्त त्यातून काय करायचे ते मला कळले नाही.

नकाराचा मेल वाचणाऱ्या माणसाला त्यानंतर काही ठरावीक कामे करायची असतात. मुलाखतीची वेळ रद्द करायची, पॅनेलला कळवायचे, भरतीच्या यादीत तुमच्या नावापुढे "उमेदवाराने माघार घेतली" अशी नोंद करायची आणि पुढच्या उमेदवाराला बोलवायचे. तुमचा मेल वाचून ही कामे काही न विचारता करता आली, तर तो मेल चांगला झाला असे समजावे. सौजन्य त्याच्या जोडीला हवेच, पण सौजन्यापायी मुद्दा पुसट झाला तर ते कोणाच्याच उपयोगाचे नाही.

मेल लिहिण्याआधी एक खात्री

"दुसरी ऑफर स्वीकारली आहे" हे वाक्य खरे कधी होते, ते आधी पाहावे. एचआरने फोनवर "अभिनंदन, तुमची निवड झाली, लेटर दोन दिवसांत पाठवतो" असे सांगितले म्हणजे ऑफर मिळाली असे होत नाही. ऑफर लेटर हातात आले, त्यातले पद, वार्षिक पगार, कामाचे ठिकाण आणि रुजू होण्याची तारीख बोलण्यात ठरल्याप्रमाणेच आहेत हे तुम्ही तपासले आणि तुमची संमती मेलने किंवा सहीने पोहोचली, की मगच ते वाक्य लिहावे. फोनवरचे "दोन दिवस" पुढे दोन आठवडे झालेले मी अनेकदा पाहिले आहे, आणि मधल्या काळात हातातली मुलाखत सोडून दिलेल्या माणसाची अवस्था अवघड होते.

लेटर यायचे आहे आणि मुलाखत तर परवावर आली आहे, अशी स्थिती असेल तर नकार कळवू नये. मुलाखतीला जावे, किंवा ती चार दिवस पुढे ढकलण्याची एकदाच विनंती करावी. "माझी दुसरीकडची प्रक्रिया अंतिम टप्प्यात आहे, सोमवारपर्यंत मला निश्चित सांगता येईल" असे खरे सांगितलेले रिक्रूटरला चालते. उलट त्याला तुमच्या तारखांचा अंदाज येतो.

दुसरी बाजूही स्वतःशी स्पष्ट असावी. आपल्याकडे 60 किंवा 90 दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास असतो. त्या काळात हातात एक ऑफर ठेवून आणखी मुलाखती देत राहणे आणि आकडा वाढवत नेणे ही पद्धत मोठ्या शहरांत चांगलीच रुळलेली आहे. ती योग्य की अयोग्य या वादात मी पडत नाही. मात्र तुमचा विचार तसा असेल, तर "स्वीकारली आहे" असे लिहून पुन्हा मुलाखतीची वेळ मागण्याची वेळ स्वतःवर आणू नये. हा मेल ज्याचे ठरलेले आहे त्याच्यासाठी आहे.

केव्हा आणि कोणाला

ऑफर स्वीकारली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी मेल जावा. मुलाखतीला दोन कामकाजाचे दिवस शिल्लक असले तर ती जागा सहज दुसऱ्याला देता येते. मुलाखत चोवीस तासांच्या आत असेल, तर आधी फोन करावा आणि मग मेल. फोन उचलला गेला नाही तर दोन ओळींचा मेसेज टाकावा. संध्याकाळी सातला पाठवलेला मेल रिक्रूटर सकाळी दहाला उघडतो आणि मुलाखत अकराची असते, तेव्हा केवळ मेलवर भिस्त ठेवता येत नाही.

ज्याने मुलाखत ठरवली त्याला लिहावे. इथे कंपनीचा स्वतःचा एचआर आणि कन्सल्टन्सीचा माणूस यांतला फरक कळला पाहिजे. कन्सल्टन्सीला मोबदला बहुतेक वेळा तुम्ही प्रत्यक्ष रुजू झाल्यावरच मिळतो. तो तुमच्या वार्षिक पगाराच्या ठरावीक टक्क्यांइतका असतो. 8.33 टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार, हा त्यातला जुना रुळलेला दर आहे. त्यामुळे तुमचा नकार ऐकताच कन्सल्टन्सीचा माणूस तुम्हाला वळवायचा प्रयत्न करतो आणि क्वचित कंपनीला कळवायलाही उशीर लावतो, या आशेवर की तुमचे मन बदलेल. यावर उपाय साधा आहे. मुलाखतीच्या मेलमध्ये कंपनीचे लोकही असतील, तर उत्तर सर्वांना जाईल असे पाठवावे. ते नसतील तर फक्त कन्सल्टन्सीला लिहावे. तिला वगळून कंपनीत परस्पर फोन करणे शिष्टाचाराला धरून होत नाही.

ओळखीतून नाव गेले असेल, म्हणजे एखाद्या जुन्या सहकाऱ्याने किंवा नात्यातल्या काकांनी साहेबांच्या कानावर घातले असेल, तर मेलच्या आधी त्यांना फोन करावा. आपण ज्याची शिफारस केली त्याने माघार घेतल्याचे त्यांना ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये कळू नये.

एक पत्र, ओळीओळीने

समजा, सहा वर्षांचा अनुभव असलेली एक लेखापाल आहे. सोमवारी, 9 जून 2025 रोजी तिला एका कंपनीचे ऑफर लेटर मिळाले आणि तिने त्याच संध्याकाळी मेलने संमती दिली. चाकणच्या एका कारखान्यात तिची गुरुवारी, 12 जूनला सकाळी अकरा वाजता मुलाखत ठरलेली आहे, आणि ती ठरवणाऱ्या एचआर मॅडमशी तिचे एकदा फोनवर वीसेक मिनिटे बोलणे झालेले आहे. मंगळवारी सकाळी कामावर निघण्याआधी ती मेल लिहायला बसते. तिचा पहिला मसुदा असा झाला:

"नमस्कार मॅडम, आपण मला संधी दिलीत याबद्दल मी आपली अत्यंत ऋणी आहे. आपल्या कंपनीत काम करण्याची माझी खूप इच्छा होती. परंतु काही अपरिहार्य कारणांमुळे सध्या मला मुलाखतीस उपस्थित राहणे कठीण वाटत आहे. आपली झालेली गैरसोय लक्षात घेऊन मी मनःपूर्वक दिलगीर आहे. भविष्यात आपल्यासोबत काम करण्याची संधी मिळाल्यास मला आनंदच होईल."

पाच वाक्ये आहेत आणि एकातही नकार नाही. "सध्या" म्हटले की पुढच्या आठवड्यात जमेल असे वाटते. "कठीण वाटत आहे" म्हटले की कोणीतरी ते सोपे करून द्यावे असा सूर लागतो. "अपरिहार्य कारणे" वाचून एचआर मॅडम आजारपण, घरातले कार्य, रजा न मिळणे असा काहीही तर्क करतील आणि चांगुलपणाने दुसरी तारीख सुचवतील. शेवटच्या वाक्याने तर दार पुन्हा सताड उघडले. माझ्या शनिवारच्या पॅनेलचे झाले तेच इथेही होणार.

तिने तो मसुदा पुसला आणि असे लिहिले:

"नमस्कार मॅडम,

वरिष्ठ लेखापाल या पदासाठी गुरुवार, 12 जून रोजी सकाळी 11 वाजता ठरलेल्या मुलाखतीसंदर्भात लिहीत आहे. मी दुसऱ्या एका कंपनीची ऑफर काल स्वीकारली असल्यामुळे या पदासाठीचा माझा अर्ज मागे घेत आहे. कृपया ही मुलाखत रद्द करावी.

मागच्या आठवड्यात फोनवर आपण कामाचे स्वरूप आणि वर्षअखेरच्या ऑडिटमधली जबाबदारी सविस्तर समजावून सांगितलीत, त्याचा मला निर्णय घेताना उपयोग झाला. त्यासाठी आणि आपण दिलेल्या वेळेसाठी आभारी आहे. पॅनेलची वेळ बदलावी लागेल, त्याबद्दल क्षमस्व.

आपली,"

आणि खाली पूर्ण नाव व मोबाईल नंबर. एवढेच.

पहिल्या वाक्यात पद, वार, तारीख आणि वेळ आहे, कारण एचआर मॅडमकडे त्या आठवड्यात तीन-चार पदांच्या मुलाखती चालू असू शकतात आणि तुमच्या नावाचे आणखी दोघेही असू शकतात. दुसऱ्या वाक्यात कारण आणि निर्णय एकत्र आहेत, आणि क्रियापद "मागे घेत आहे" असे आहे. "घ्यावा लागत आहे" किंवा "घेण्याचा विचार आहे" असे ते नाही. "लागत आहे" म्हटले की कोणीतरी लावले असा अर्थ होतो आणि मग ते सोडवण्याची चर्चा सुरू होते. तिसरे वाक्य करायचे काम सांगते.

आभाराच्या वाक्यात एक खरी, नेमकी गोष्ट आहे. "आपल्या बहुमोल मार्गदर्शनाबद्दल" अशा धर्तीचे आभार कोणालाही चिकटवता येतात आणि वाचणाऱ्याला ते कळते. ऑडिटचा उल्लेख फक्त त्या फोनवर बोललेली व्यक्तीच करू शकते. असे नेमके काही आठवत नसेल, एकही बोलणे झालेले नसेल आणि केवळ पोर्टलवरून बोलावणे आले असेल, तर "बोलावल्याबद्दल आभारी आहे" इतके साधे लिहावे. ओढूनताणून आणलेला जिव्हाळा नको. क्षमा एकदाच मागितली आहे आणि ज्याची गैरसोय झाली त्या गोष्टीबद्दलच मागितली आहे. नोकरी स्वीकारल्याबद्दल क्षमा मागायचे काहीच कारण नाही.

"पुन्हा संधी मिळाल्यास" हे वाक्य तिने गाळले. ते लिहायचेच असेल तर खरे असेल तेव्हाच लिहावे आणि आताच्या पदाशी त्याचा गोंधळ होणार नाही असे लिहावे, उदाहरणार्थ, "दोन-तीन वर्षांनी आपल्याकडे योग्य जागा असल्यास संपर्क ठेवायला आवडेल." त्याचप्रमाणे एखाद्या मित्राचे नाव सुचवायचे असेल तर आधी त्याला विचारावे. न विचारता त्याचा नंबर दिला आणि त्याच्या साहेबांसमोर त्याला फोन आला, तर ती मदत त्याच्या अंगाशी येते.

व्यवहार इंग्रजीतून चालला असेल तर उत्तरही इंग्रजीतच द्यावे. क्रम हाच राहतो. मराठीत लिहिताना "तुम्ही" की "आपण" हा प्रश्न पडतो. ज्याच्याशी फोनवर "तुम्ही"ने बोलणे झाले त्यालाही पहिल्या औपचारिक पत्रात "आपण" शोभते, फक्त एका पत्रात दोन्ही मिसळू नयेत.

काय लिहू नये

नव्या कंपनीचे नाव आणि पगाराचा आकडा लिहू नये. नाव गुप्त असते म्हणून नव्हे, तर नाव कळले की बोलणे त्या कंपनीकडे वळते म्हणून. "तिथे कामाचे तास फार असतात", "आमच्याकडे त्याहून जास्त देता येईल" असे सुरू होते. क्षेत्र लहान असेल, छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरच्या किंवा भोसरीच्या कारखान्यांतले एचआर एकमेकांना ओळखत असतील, तर तुम्ही रुजू होण्याआधीच तुमचे नाव तिकडे पोहोचते.

खोटे कारण तर अजिबात देऊ नये. तब्येत बरी नाही असे लिहिले की सभ्य रिक्रूटर "बरे वाटले की कळवा, आम्ही थांबतो" असे उत्तर देतो, आणि मग तुम्हाला दुसरे खोटे रचावे लागते. दोन महिन्यांनी लिंक्डइनवर नव्या नोकरीची तारीख दिसते आणि मागचा सगळा हिशेब लागतो. खरे कारण इतके साधे आणि सन्मानाचे असताना आजीला आजारी पाडण्याची गरज नसते. हे गमतीने लिहिलेले नाही. एका वर्षात माझ्याकडे आजारी पडलेल्या आज्यांची संख्या मोजण्यापलीकडे गेली होती.

मेल पाठवताना

नवा मेल सुरू न करता मुलाखतीच्या मेललाच उत्तर द्यावे आणि विषयाची ओळ बदलू नये. जीमेलमध्ये विषय बदलला की संभाषण तुटून वेगळे होते, आणि रिक्रूटरने नंतर तुमच्या मुलाखतीचा मेल शोधला तर त्याखाली नकार दिसत नाही. मेल गेल्यावर कॅलेंडरच्या निमंत्रणालाही नकार द्यावा. गूगल कॅलेंडरमध्ये No आणि आउटलुकमध्ये Decline निवडावे. आउटलुक उत्तर न पाठवता नकार देण्याचाही पर्याय दाखवते. तो निवडला तर निमंत्रण फक्त तुमच्या कॅलेंडरमधून जाते आणि आयोजकाला पत्ता लागत नाही, म्हणून उत्तर पाठवण्याचा पर्याय निवडावा. क्रम हाच ठेवावा. आधी निमंत्रण नाकारले तर समोरच्याला केवळ एक कोरडी सूचना दिसते आणि "काय झाले?" असा फोन तुमच्या मीटिंगमध्ये वाजतो.

उत्तर येण्याची वाट एक कामकाजाचा दिवस पाहावी. मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोच आली नाही तर फोन करावा आणि दोनच वाक्ये बोलावीत, "कालचा मेल पाहिलात का? उद्याची माझी मुलाखत रद्द करायची आहे." लेखापालबाईंच्या बाबतीत मंगळवारी दुपारीच उत्तर आले असे धरू, आणि त्यात बहुधा पुढचा प्रश्न असतो.

"एकदा भेटून तर बघा"

नकारानंतर फोन येणे स्वाभाविक आहे. जागा महिनाभर रिकामी असेल तर एचआरवर वरून दबाव असतो. फोनवर साधारण तीन गोष्टी विचारल्या जातात: कुठे, किती, आणि आम्ही तेवढे दिले तर? पहिल्या दोन प्रश्नांना "ते सांगणे मला योग्य वाटत नाही, क्षमा करा" हे उत्तर पुरते. तिसऱ्या प्रश्नाला आकड्याने उत्तर देऊ नये. "थोडे जास्त मिळाले असते तर विचार केला असता" असे सहज बोलून गेलात की तुमचा नकार संपला आणि वाटाघाट सुरू झाली. "मी शब्द दिलेला आहे, त्यामुळे पगाराचा प्रश्न राहत नाही" हे वाक्य मराठी माणसाला कळते आणि त्यापुढे सहसा कोणी ताणत नाही. कन्सल्टन्सीचा माणूस ताणतो. तो "नुसते भेटायला काय हरकत आहे, रुजू व्हायला अजून दोन महिने आहेत" असे म्हणतो. त्याला पुन्हा नव्याने कारणे सांगत बसू नये, कारण प्रत्येक नवे कारण त्याला खोडून काढायला एक नवी जागा देते. तेच वाक्य दुसऱ्यांदा, त्याच शब्दांत म्हणावे आणि फोन ठेवण्याआधी "कंपनीला आज कळवाल ना?" एवढे विचारून घ्यावे.

त्याच दिवशी नोकरीच्या पोर्टलवरची स्वतःची माहिती बदलावी आणि लिंक्डइनवर Open to work चालू असेल तर बंद करावे. नाहीतर आज एकाला नकार कळवला आणि उद्या आणखी सहा जणांचे फोन आले, असे होते. नव्या कंपनीचे नाव मात्र रुजू होईपर्यंत तिथे टाकू नये.

स्वीकारलेली ऑफर पुढे फिसकटली तर काय, हा प्रश्न मनात राहतो. नोटीस पिरियडमध्ये कंपन्या रुजू होण्याची तारीख पुढे ढकलतात, कधी ऑफर मागेही घेतात. अशा वेळी त्याच मेलखाली पुन्हा लिहिता येते: "मॅडम, 10 जूनला मी ज्या ऑफरमुळे अर्ज मागे घेतला होता, ती कंपनीच्या बाजूने रद्द झाली आहे. वरिष्ठ लेखापालाची जागा अद्याप रिकामी असल्यास मुलाखतीला येण्यास तयार आहे." एचआर मॅडम खाली जाऊन जुना मेल वाचतात, त्यातही हेच कारण लिहिलेले असते, आणि जागा भरलेली नसेल तर तारीख देतात.